वीनर फिल्टरचं उत्तर चुकतंय? नॉर्मल समीकरणांत नेमकं कुठे बघायचं

ऑटोकोरिलेशनच्या किमती दिलेल्या आहेत, नॉइजचा व्हेरियन्स दिलेला आहे, तीन टॅपचा फिल्टर काढायचा आहे. समीकरणं सोडवून उत्तरही येतं. पण फिल्टर लावला की कधी सिग्नल जसाच्या तसा बाहेर पडतो, कधी सगळी पातळीच खाली बसते, कधी चूक कमी व्हायची सोडून वाढते. या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात आणि गणित सोडवण्याची रीत बहुतेक वेळा बरोबरच असते. गडबड झालेली असते ती समीकरणं मांडताना किंवा आलेले गुणांक वापरताना. प्रत्येक चुकीची एक ठरावीक खूण असते. ती ओळखता आली की सगळं गणित पहिल्यापासून तपासत बसावं लागत नाही.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे, कारण त्यातले आकडे कागदावर सुटतात. मूळ सिग्नल `s(n)`, त्याच्या ऑटोकोरिलेशनच्या किमती ४, ३, २, १ आणि पुढे शून्य. असा सिग्नल बनवायलाही सोपा आहे: व्हेरियन्स १ असलेल्या व्हाइट नॉइजचे लागोपाठचे चार सॅम्पल बेरीज करत गेलं की झालं. त्यावर व्हेरियन्स २ असलेला, सिग्नलशी काही संबंध नसलेला व्हाइट नॉइज `v(n)` चढला आहे. आपल्या हाती फक्त `x(n) = s(n) + v(n)` आहे. त्यातून `s(n)` चा अंदाज असा करायचा:

```
y(n) = w0*x(n) + w1*x(n-1) + w2*x(n-2)
```

आधी बरोबर उत्तर कसं दिसतं ते

चूक `e(n) = s(n) - y(n)` हिच्या वर्गाची सरासरी सर्वांत कमी व्हायची असेल, तर या चुकीचा आपण वापरलेल्या तिन्ही सॅम्पलशी काहीही सहसंबंध उरता कामा नये. उरला असेल तर त्या सॅम्पलमधून अजून काहीतरी काढून घेता आलं असतं, म्हणजे गुणांक अजून सुधारता आले असते. ही एक अट तीन सॅम्पलसाठी तीनदा लिहिली की नॉर्मल समीकरणं तयार होतात.

डाव्या बाजूच्या मॅट्रिक्समध्ये `x` चं ऑटोकोरिलेशन येतं. उजव्या बाजूला `s` आणि `x` यांचं परस्पर कोरिलेशन येतं. नॉइजचा सिग्नलशी संबंध नसल्यामुळे हे परस्पर कोरिलेशन म्हणजे `s` चंच ऑटोकोरिलेशन: ४, ३, २. आणि `x` चं ऑटोकोरिलेशन म्हणजे सिग्नलचं अधिक नॉइजचं. व्हाइट नॉइजचं ऑटोकोरिलेशन फक्त शून्य लॅगला असतं, त्यामुळे ६, ३, २. म्हणजे ४ चे ६ झाले, बाकी दोघांना हात लागला नाही.

```
6*w0 + 3*w1 + 2*w2 = 4
3*w0 + 6*w1 + 3*w2 = 3
2*w0 + 3*w1 + 6*w2 = 2
```

दहावीत दोन चलांसाठी शिकवतात तीच क्रेमरची पद्धत इथे तीन चलांना लावायची. निश्चयक १२० येतो, आणि अंशस्थानी अनुक्रमे ६६, २४, ६. म्हणून गुणांक ०.५५, ०.२० आणि ०.०५. उरलेली सरासरी वर्गचूक `r_s(0)` मधून गुणांक आणि उजवी बाजू यांचा गुणाकार वजा करून मिळते: ४ − (२.२ + ०.६ + ०.१) = १.१. फिल्टर न लावता `x` लाच उत्तर मानलं असतं तर चूक २ राहिली असती. म्हणजे साधारण २.६ डेसिबलचा फायदा.

आता या लेखात जिचा सर्वांत जास्त उपयोग होणार आहे ती पडताळणी. नॉइज व्हाइट असेल, सिग्नलशी असंबद्ध असेल आणि आपण चालू सॅम्पलचाच अंदाज करत असू, तर किमान वर्गचूक ही बरोबर `w0` गुणिले नॉइजचा व्हेरियन्स एवढीच येते. इथे ०.५५ × २ = १.१, जुळलं. कारण साधं आहे. चुकीचा `x(n)` शी सहसंबंध शून्य. पण `x(n)` चे दोन भाग आहेत, सिग्नल आणि नॉइज. चुकीचा सिग्नलशी सहसंबंध म्हणजेच किमान वर्गचूक, आणि नॉइजशी सहसंबंध उणे `w0` गुणिले व्हेरियन्स, कारण `v(n)` चुकीत शिरतो तो फक्त `w0` च्या वाटेने. दोघांची बेरीज शून्य, म्हणून दोघं सारखे. टॅप कितीही असोत, हे जुळायलाच हवं. दोन टॅप घेतले तर `w0` = ०.५५५६ आणि चूक १.१११, एक टॅप घेतला तर ०.६६६७ आणि १.३३३. वर्गचूक आधीच्या सूत्राने वेगळी काढा, या सूत्राने वेगळी काढा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.

```python
import numpy as np
from scipy.linalg import solve_toeplitz, toeplitz

rs = np.array([4., 3., 2.])
nv = 2.0
rx = rs.copy()
rx[0] += nv
w = solve_toeplitz(rx, rs)
print(w, rs[0] - rs @ w, nv * w[0])
```

`solve_toeplitz` ला पूर्ण मॅट्रिक्स द्यावा लागत नाही, पहिला स्तंभ पुरतो. आत ते नॉर्मन लेव्हिन्सनने १९४७ मध्ये मांडलेल्या पुनरावर्ती रीतीने काम करतं. तीन टॅपना त्याने काही फरक पडत नाही, पण टॅप शेकड्यांत गेले की वेळ वाचतो.

तक्रार: गुणांक १, ०, ० येतात

फिल्टर लावला, पण बाहेर आलेला सिग्नल आत गेलेल्यासारखाच. याचा अर्थ डाव्या आणि उजव्या बाजूला एकच ऑटोकोरिलेशन बसलं आहे. मॅट्रिक्सचा पहिला स्तंभच उजव्या बाजूला लिहिला तर उत्तर १, ०, ० हेच येणार, आकडे कुठलेही असोत.

हे दोन वाटांनी घडतं. पहिली वाट म्हणजे कर्णावर नॉइजचा व्हेरियन्स मिळवायचा राहून गेला: डावीकडे ४, ३, २ आणि उजवीकडेही ४, ३, २. आपण समीकरणाला सांगितलं की नॉइज नाहीच, आणि त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिलं की मग फिल्टर कशाला हवा. दुसरी वाट जास्त फसवी आहे. गणितात दिलेलं ऑटोकोरिलेशन मोजलेल्या, म्हणजे नॉइज चढलेल्या सिग्नलचं असतं आणि आपण तेच दोन्हीकडे लिहितो: ६, ३, २ डावीकडे, ६, ३, २ उजवीकडे.

म्हणून पेन उचलण्याआधी एकच प्रश्न: दिलेल्या किमती कोणाच्या आहेत, `s` च्या की `x` च्या? `s` च्या असतील तर डावीकडे शून्य लॅगला व्हेरियन्स मिळवा. `x` च्या असतील तर डावी बाजू तशीच ठेवा आणि उजवीकडे शून्य लॅगमधून व्हेरियन्स वजा करा. दोन्ही वाटांनी डावीकडे ६, ३, २ आणि उजवीकडे ४, ३, २ हेच यायला हवं.

प्रश्नात हे स्पष्ट लिहिलेलं नसेल आणि पुरेशा लॅगच्या किमती दिल्या असतील, तर आकड्यांकडे बघून थोडा अंदाज येतो. ६, ३, २, १ या ओळीत शून्य लॅगची किंमत बाकीच्यांपासून सुटून वर उडी मारलेली दिसते. १, २, ३ अशी चढण मागे नेली तर शून्यापाशी ४ यायला हवे होते, आले ६. ही वरची २ ची टोपी म्हणजे व्हाइट नॉइज. प्रत्यक्ष मोजलेल्या डेटात नॉइजचा व्हेरियन्स माहीत नसेल तेव्हा पुष्कळ जण तो असाच काढतात. मात्र ही युक्ती सॅम्पलिंग सिग्नलच्या मानाने पुरेसं जलद असेल तरच चालते. सिग्नल स्वतःच दोन सॅम्पलांमध्ये खूप बदलत असेल, तर शून्यापाशी दिसणारी उडी त्याचीही असू शकते, आणि मग आपण सिग्नललाच नॉइज समजून कापून टाकतो.

तक्रार: उत्तर पटण्यासारखं दिसतं, पण नॉइज जातच नाही

पायथॉनमध्ये वारंवार सापडणारी एक ओळ अशी:

```python
R = toeplitz(rs) + nv
```

इथे `nv` हा एकच आकडा आहे. नमपाय तो मॅट्रिक्सच्या नऊही घरांत मिळवतं. पाहिजे होता फक्त कर्णावर. बरोबर ओळ अशी:

```python
R = toeplitz(rs) + nv * np.eye(len(rs))
```

चुकीच्या ओळीने मॅट्रिक्स ६, ५, ४ चा होतो. म्हणजे आपण नॉइजला व्हाइट न मानता सगळ्या सॅम्पलना सारखाच लागलेला एक स्थिर ढकला मानलं. उत्तर येतं ०.८, ०, −०.२. कोणताही इशारा छापून येत नाही, मॅट्रिक्स धन-निश्चित आहे, आकडेही अगदीच विचित्र नाहीत. वर्गचुकीचं नेहमीचं सूत्र १.२ दाखवतं, आणि १.१ ला ते इतकं जवळ आहे की कुणीही पुढे जाईल.

इथे `w0` ची पडताळणी कामाला येते. ०.८ × २ = १.६, आणि सूत्र म्हणतंय १.२. जुळत नाही, म्हणजे मांडणीत पाणी मुरतंय. खरी वर्गचूक किती ते या सूत्राने काढा. ते कुठल्याही गुणांकांना लागू पडतं, ते सर्वोत्तम असोत वा नसोत:

```
J = r_s(0) - 2*p'w + w'Rw
```

यात `p` म्हणजे उजवी बाजू, ४, ३, २; आणि `R` खरा, म्हणजे ६, ३, २ चा घ्यायचा. ४ − ५.६ + ३.४४ = १.८४. फिल्टर न लावता चूक २ होती, लावून १.८४. एवढ्यासाठी फिल्टर लावायची गरजच नव्हती. लक्षात ठेवायचं ते असं की `r_s(0)` वजा गुणाकार हे छोटं सूत्र फक्त गुणांक खऱ्या समीकरणाचं उत्तर असतील तेव्हाच खरं बोलतं. चुकीच्या गुणांकांवर ते चूक कमी करून सांगू शकतं.

पण या पडताळणीलाही मर्यादा आहे. ती मांडणीतला विसंवाद पकडते, दिलेल्या आकड्यांचा खरेपणा नाही. व्हेरियन्सच्या जागी प्रमाण विचलन, म्हणजे २ च्या जागी १.४१४, असं सगळीकडे सारखंच चुकीचं वापरलं तर दोन्ही आकडे मजेत जुळतील आणि दोन्ही चुकीचे असतील. प्रश्नात "नॉइज १.४१४ व्होल्ट आरएमएस" असं दिलं असेल तर आधी वर्ग करा.

नॉइज व्हाइट नसेल तर मात्र मांडणीच बदलते. मग नॉइजचं ऑटोकोरिलेशन प्रत्येक लॅगला मिळवावं लागतं, आणि `w0` ची सोपी पडताळणीही लागू राहत नाही.

तक्रार: फिल्टरनंतर सगळी पातळी खाली बसते

तापमानाचा सेन्सर असो की लोडसेल, प्रत्यक्ष सिग्नल शून्याभोवती क्वचितच फिरतो. समजा आपला सिग्नल ५ च्या आसपास फिरतो आहे आणि दिलेल्या ४, ३, २ या किमती सरासरी वजा करून काढलेल्या आहेत. गुणांकांची बेरीज बघा: ०.५५ + ०.२० + ०.०५ = ०.८. स्थिर भागाला हा फिल्टर ०.८ ने गुणतो. ५ चे ४ होतात. लहरी गुळगुळीत होतात पण सगळा आलेख एक एककाने खाली येतो, आणि वर्गचूक १.१ ऐवजी १.१ + १ = २.१ होते. म्हणजे फिल्टर नसता तर बरं झालं असतं.

हा फिल्टरचा दोष नाही. त्याला सांगितलं होतं की सिग्नलची सरासरी शून्य आहे. तेव्हा नॉइज असताना शून्याकडे थोडं झुकणं हेच शहाणपणाचं होतं.

यावर काही जण गुणांकांना ०.८ ने भागून बेरीज १ करून घेतात. तसं करू नका. त्याने पातळी जागेवर येते, पण गुणांक सर्वोत्तम राहत नाहीत. सरळ मार्ग असा की सरासरी आधी काढून घ्यावी, उरलेल्यावर फिल्टर चालवावा आणि सरासरी परत मिळवावी.

```python
from scipy.signal import lfilter
m = x.mean()
y = m + lfilter(w, 1, x - m)
```

उलट चूकही होते: सरासरी वजा न करताच ऑटोकोरिलेशन काढलेलं असतं. मग प्रत्येक लॅगला सरासरीचा वर्ग, म्हणजे २५, जास्तीचा बसतो. डावीकडे ३१, २८, २७ आणि उजवीकडे २९, २८, २७. खूण अशी की लॅग कितीही वाढवला तरी किंमत शून्याकडे जात नाही, २५ पाशी अडकून राहते. समीकरणं सोडवली तर गुणांक ०.६१५, ०.२४३, ०.११५ येतात आणि त्यांची बेरीज ०.९७४. पातळी जवळपास टिकते, म्हणून वरवर सगळं ठीक वाटतं. पण वर्गचूक १.२३ असते, १.१ नाही. फिल्टरची बरीच ताकद ५ चा आकडा सांभाळण्यातच खर्च झाली, आणि तो आकडा तर आपल्याला फुकटात माहीत होता.

तक्रार: गुणांक बरोबर, तरी चूक वाढली

कागदावर ०.५५, ०.२०, ०.०५ हेच आलं आहे, पडताळणीही जुळली आहे, पण चालवून बघितलं तर वर्गचूक ३ च्या वर. अशा वेळी गुणांक उलट्या क्रमाने लागले आहेत का ते बघा. `w0` हा सर्वांत ताज्या सॅम्पलचा गुणांक आहे. पण ॲरेमध्ये सॅम्पल जुन्याकडून नव्याकडे मांडलेले असतात. म्हणून

```python
y[n] = np.dot(w, x[n-2:n+1])
```

असं लिहिलं की ०.५५ सर्वांत जुन्या सॅम्पलला जाऊन चिकटतो. वरच्या सूत्राने हिशोब केला तर ४ − ३.८ + २.९ = ३.१. याची खूण फार सुरेख आहे. बाहेर आलेल्या `y(n)` ची तुलना `s(n)` ऐवजी `s(n-2)` शी करा. चूक एकदम १.१ वर आली तर गुणांक उलटे लागले आहेत यात शंका नाही, कारण उलटे गुणांक हे दोन सॅम्पल मागच्या सिग्नलचा अंदाज करणाऱ्या फिल्टरचं बरोबर उत्तर आहे. दुरुस्ती म्हणजे शेवटी `[::-1]` लावणं, किंवा सरळ `lfilter(w, 1, x)` वापरणं. त्यात क्रमाची भानगड राहत नाही.

याच जागी थोडं थांबण्यासारखं आहे, कारण मागच्या सॅम्पलचा अंदाज ही नुसती चूक नाही, ती कामाची गोष्ट आहे. समजा आपल्याला एका सॅम्पलचा उशीर चालतो. मग `s(n)` ऐवजी `s(n-1)` चा अंदाज करा. डावी बाजू तीच राहते, उजवी बाजू ३, ४, ३ होते. मधल्या सॅम्पलच्या दोन्ही बाजूंना एकेक शेजारी असल्याने पहिला आणि तिसरा गुणांक सारखे असणार हे उघड आहे, त्यामुळे दोनच समीकरणं उरतात आणि उत्तर ०.२०, ०.४६६७, ०.२० येतं. वर्गचूक ०.९३३. पडताळणीत आता `w0` नाही, मधला गुणांक घ्यायचा: ०.४६६७ × २ = ०.९३३, जुळलं.

याच्या शेजारी टॅप वाढवून काय मिळतं ते ठेवा. उशीर न करता एक टॅप १.३३३, दोन १.१११, तीन १.१००, चार १.०९८. तिसऱ्या टॅपनंतर मिळकत जवळजवळ संपली. आणि तीनच टॅप ठेवून एका सॅम्पलची वाट बघितली तर १.१ वरून ०.९३३. चूक कमी होत नाही म्हणून टॅप वीस-तीस करत जाण्याआधी उशीर परवडतो का ते विचारा. नियंत्रणाच्या लूपमध्ये परवडत नाही, कारण तिथे उशीर अस्थिरता आणतो. नोंद करून ठेवलेल्या डेटात तर तो फुकट आहे.

फक्त एक सावधगिरी. उशिराच्या फिल्टरची तुलना `s(n-1)` शीच करायची. सवयीने `s(n)` शी केली तर चूक १.८७ दिसते, म्हणजे बरोबर दुप्पट, आणि चांगला फिल्टर वाया गेल्यासारखा वाटतो. त्यातून हे गुणांक सममित असल्यामुळे वरची उलट्या क्रमाची चूक इथे दिसतच नाही. कोड बरोबर आहे की नाही हे सममित फिल्टरवर तपासू नका, ०.५५, ०.२०, ०.०५ वर तपासा.

तक्रार: उत्तर जरा जास्तच चांगलं येतं

शेवटची तक्रार कुणी करत नाही, कारण यात आकडा वाईट नाही, चांगला दिसतो. समजा तिसरी किंमत २ ऐवजी ०.४ लिहिली गेली: ४, ३, ०.४. नॉइज मिळवून समीकरणं सोडवा. गुणांक येतात, पडताळणी जुळते आणि वर्गचूक १.०५५, म्हणजे खऱ्यापेक्षाही कमी. पण ४, ३, ०.४ असं ऑटोकोरिलेशन असलेला सिग्नल अस्तित्वातच असू शकत नाही. शेजारचे सॅम्पल एकमेकांशी इतके बांधलेले असताना एक सोडून असलेले सॅम्पल इतके सुटे राहू शकत नाहीत. पहिल्या दोन किमती ४ आणि ३ असतील तर तिसरी किमान २×९/४ − ४ = ०.५ असायलाच हवी.

हे पकडायचं तर मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू बघायच्या, एकही ऋण नको. पण बहुतेक जण ही तपासणी `x` च्या मॅट्रिक्सवर करतात आणि तिथे ती पास होते, कारण कर्णावर मिळवलेल्या २ ने दोष झाकला जातो. तपासणी `s` च्या मॅट्रिक्सवर करा. ४, ३, ०.४ चा निश्चयक −१.४४ येतो आणि चोरी उघडी पडते. ४, ३, २ चा १२ येतो.

```python
print(np.linalg.eigvalsh(toeplitz(rs)))
```

टायपिंगची चूक नसेल तर असल्या अशक्य किमती दोन ठिकाणांहून येतात. एक, `x` च्या मोजलेल्या किमतीतून नॉइजचा व्हेरियन्स गरजेपेक्षा जास्त वजा केला. ६, ३, २ मधून २ ऐवजी ३ वजा केले तर ३, ३, २ उरतात. म्हणजे शून्य आणि एक लॅगची किंमत सारखी. ती सारखी असेल तर सिग्नल बदलतच नाही असा अर्थ होतो, आणि मग दोन लॅगलाही ३ च यायला हवे होते. दोन, डेटातून ऑटोकोरिलेशन काढताना प्रत्येक लॅगच्या बेरजेला `N-k` ने भागलं. प्रत्येक किंमत सुटी बघितली तर त्यात पक्षपात नसतो, पण सगळ्या मिळून जो मॅट्रिक्स होतो तो धन राहीलच याची हमी नसते. डेटा तोकडा आणि लॅग मोठे असतील तर हे हमखास अंगाशी येतं. सगळीकडे सारखं `N` ने भागा. मोठ्या लॅगच्या किमती थोड्या लहान येतील, पण मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू ऋण होणार नाहीत.

सगळं जुळल्यावरही एकदा कृत्रिम डेटावर चालवून बघा. आपल्या उदाहरणाला ते चार ओळींचं काम आहे:

```python
from scipy.signal import lfilter
rng = np.random.default_rng(1)
N = 200000
s = lfilter(np.ones(4), 1, rng.standard_normal(N))
x = s + np.sqrt(nv) * rng.standard_normal(N)
y = lfilter(w, 1, x)
print(np.mean((s - x)[10:]**2), np.mean((s - y)[10:]**2))
```

पहिला आकडा २ च्या आणि दुसरा १.१ च्या अगदी जवळ यायला हवा. सुरुवातीचे दहा सॅम्पल सोडले आहेत, कारण तिथे फिल्टरच्या पोटात अजून शून्यं असतात. पहिला आकडाच २ ऐवजी ४ आला तर फिल्टरकडे बघू नका: `np.sqrt` लिहायचं राहिलं आहे आणि नॉइजला व्हेरियन्सनेच गुणलं गेलं आहे.